स्क्रीनशॉटमधला डिव्हिडंड आणि वर्षाचं खरं उत्पन्न : सात टक्के वाटले, निघाले साडेतीनच्याही खाली

गेल्या व्हिडिओत डिव्हिडंड यील्डचा विषय निघाला आणि बऱ्याच जणांनी आपापल्या अॅपमधल्या डिव्हिडंड हिस्ट्रीचे स्क्रीनशॉट पाठवले. व्हिडिओत सगळी आकडेमोड दाखवायला वेळ पुरत नाही, म्हणून त्यातला एकच स्क्रीनशॉट इथे शेवटपर्यंत सोडवू. आपल्या जठारपेठेत स्टेशनरीचं दुकान चालवणाऱ्या एका काकांचा आहे. शेअर्सची संख्या आणि खरेदीचे भाव मी सोपे गोल केलेत. डिव्हिडंडचे दर मात्र त्या-त्या कंपन्यांनी जाहीर केलेलेच आहेत, तुम्ही तपासून पाहू शकता.

काकांकडे तीन कंपन्या आहेत : आयटीसीचे ३०० शेअर्स, कोल इंडियाचे २०० आणि टीसीएसचे ४०. एकूण खरेदी २ लाख ३८ हजारांची. त्यांनी २०२४-२५ या आर्थिक वर्षाची यादी दोन स्क्रीनशॉटमध्ये काढली, कॅल्क्युलेटरवर बेरीज मारली, ती आली १६,८३०. खरेदीने भागलं तर ७.०७ टक्के. मग मला म्हणाले, "सात टक्के तं एफडीतही भेटून राह्यले, पण इथं शेअरचा भावही वाढते ना. मले वाटते दुकानाचे तीन लाख याच्यातच टाकाव."

हे तीन लाख म्हणजे जूनच्या शाळेच्या सीझनसाठी वह्या-दप्तरं भरायला ठेवलेले पैसे. सात टक्क्यांनी वर्षाला २१ हजार सुटतील, त्यात दुकानाचं विजेचं बिल निघेल, असा त्यांचा हिशेब. म्हणून हा सात टक्क्यांचा आकडा कुठून आला ते पाहणं गरजेचं होतं.

आधी यील्ड म्हणजे काय ते आपल्या भाषेत. वऱ्हाडात आपण विचारतो, एकरी उतारा किती? सोयाबीन एकरी किती क्विंटल झालं? यील्ड म्हणजे तोच उतारा, फक्त एकराच्या जागी शेअरमध्ये अडकलेले रुपये. शंभर रुपयांमागे वर्षाला किती डिव्हिडंड आला, एवढंच. सूत्र चौथीतल्या पोरालाही येईल : वर्षाचा डिव्हिडंड भागिले शेअर्सची किंमत, गुणिले शंभर. चूक भागाकारात होत नाही, वर कोणता आकडा ठेवला आणि खाली कोणता, यात होते. स्क्रीनशॉटवरून हिशेब करताना वरचाही चुकतो आणि खालचाही.

वरच्या आकड्यापासून सुरू करू. काकांच्या यादीत खरोखर असलेल्या ओळी या :

| महिना | कंपनी | रक्कम (रुपये) |
|---|---|---|
| मे २०२४ | टीसीएस | १,१२० |
| जून २०२४ | आयटीसी | १,५०० |
| जुलै २०२४ | टीसीएस | ४०० |
| ऑगस्ट २०२४ | कोल इंडिया | १,००० |
| ऑक्टोबर २०२४ | टीसीएस | ४०० |
| नोव्हेंबर २०२४ | कोल इंडिया | ३,१५० |
| जानेवारी २०२५ | टीसीएस | ३,०४० |
| जानेवारी २०२५ | कोल इंडिया | १,१२० |
| फेब्रुवारी २०२५ | आयटीसी | १,९५० |

नऊ ओळी, बेरीज १३,६८०. मग १६,८३० कुठून आले? फरक ३,१५० चा, आणि ३,१५० ही कोल इंडियाची नोव्हेंबरची ओळ. पहिल्या स्क्रीनशॉटच्या तळाशी ती होती, काकांनी थोडं वर सरकवून दुसरा काढला तर त्याच्या डोक्यावरही तीच. यादी लांब असली की हे हमखास होतं. म्हणून स्क्रीनशॉटवरून थेट बेरीज करूच नका, आधी ओळी कागदावर किंवा शीटमध्ये उतरवा. दुबार ओळ शोधताना रकमेवर जाऊ नका. वर १,१२० दोनदा आहे, पण एक टीसीएसचा मे महिन्याचा आणि एक कोल इंडियाचा जानेवारीचा, दोन्ही खरे आहेत. कंपनी आणि तारीख दोन्ही सारखी असेल तरच ओळ दुबार.

आता १३,६८० हा आकडा बरोबर आहे. पण तो कशाचा आहे? गेल्या वर्षी काकांच्या नावावर जमा झालेल्या डिव्हिडंडचा. "या शेअर्सवर वर्षाला किती येतं" या प्रश्नाचं उत्तर तो नाही. या दोन गोष्टी एकच वाटतात, म्हणून इथे जरा थांबू.

आयटीसीच्या दोन ओळी बघा. जूनमध्ये १,५००, फेब्रुवारीत १,९५०. कोणालाही वाटेल कंपनीने डिव्हिडंड वाढवला. प्रत्यक्षात जूनचा दर होता शेअरमागे ७.५० आणि फेब्रुवारीचा ६.५०, म्हणजे दर कमी होता. दर कमी, तरी रक्कम जास्त कशी? रकमेला दराने भागा. १,५०० भागिले ७.५० म्हणजे २०० शेअर्स. १,९५० भागिले ६.५० म्हणजे ३०० शेअर्स. काकांनी मध्येच, नोव्हेंबरमध्ये, १०० शेअर्स आणखी घेतले होते. ते स्क्रीनशॉटवर कुठेच लिहिलेलं नाही, पण या भागाकाराने बाहेर पडलं.

ही युक्ती लक्षात ठेवा, कारण स्क्रीनशॉट वाचायची किल्ली हीच आहे. रक्कम भागिले शेअरमागचा दर, उत्तर म्हणजे त्या दिवशी तुमच्याकडे असलेले शेअर्स. दर मिळतो बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर, कंपनीचं नाव टाकून कॉर्पोरेट अॅक्शन्स उघडलं की. उत्तर पूर्ण संख्येत आलं नाही, तर समजा की दर चुकीचा घेतलाय, नाहीतर अॅप करकपात करून उरलेली रक्कम दाखवतंय. कोल इंडियाचं पडताळून पाहा : दर ५, १५.७५ आणि ५.६०. तिन्ही रकमा भागल्या की २०० च येतात. म्हणजे तिथे वर्षभर संख्या बदललेली नाही.

आयटीसीच्या ३०० शेअर्सवर पूर्ण वर्षाचे १४ रुपये धरले तर ४,२०० होतात. स्क्रीनशॉट ३,४५० दाखवतो. इथे काकांचं उत्पन्न ७५० रुपयांनी कमी दिसत होतं. चूक नेहमी फुगवणारीच असते असं नाही.

टीसीएसमध्ये उलटं झालं. चार ओळी, दर २८, १०, १० आणि शेवटी ७६. तीन ओळी बघून चौथीवर डोळे थांबले पाहिजेत. टीसीएसने जानेवारी २०२५ मध्ये १० रुपयांचा नेहमीचा अंतरिम डिव्हिडंड दिला आणि त्यासोबत ६६ रुपयांचा स्पेशल. अॅपने दोन्ही एकत्र करून ३,०४० दाखवले. त्यातले २,६४० स्पेशलचे.

स्पेशल म्हणजे एखाद्या वर्षी पाऊस वेळेवर पडला, बोंडअळी आली नाही आणि कपाशीने छप्पर फाडलं, तसं. त्या वर्षीचा उतारा धरून कोणी बँकेचा हप्ता ठरवत नाही. टीसीएसची गंमत अशी की स्पेशल तिने सलग तीन वर्षं जानेवारीत दिला, म्हणून लोक तो नेहमीचाच समजायला लागले. पण रक्कम बघा : जानेवारी २०२३ ला ६७ रुपये, २०२४ ला १८, २०२५ ला ६६. काकांच्या ४० शेअर्सवर हेच २,६८०, ७२० आणि २,६४० असं होतं. एक वर्ष मध्ये सातशे वीसवर आलं. माझं मत स्पष्ट आहे : ज्या पैशावर दुकानाचा खर्च टाकायचा, त्या हिशेबात स्पेशल शून्य धरा. आला तर आला. टीसीएसचा नेहमीचा दर मग २८ + १० + १० + १०, म्हणजे ५८. चाळीस शेअर्सवर २,३२०.

आता काकांच्या पोर्टफोलिओचं पुन्हा येऊ शकेल असं वर्षाचं उत्पन्न मांडू. दर वर्षभराचा, संख्या आजची. आयटीसी १४ गुणिले ३००, ४,२००. कोल इंडिया २६.३५ गुणिले २००, ५,२७०. टीसीएस ५८ गुणिले ४०, २,३२०. एकूण ११,७९०.

कुठे १६,८३० आणि कुठे ११,७९०. पाच हजारांचा फरक निव्वळ वाचण्यातून आला.

"वर्षभराचा" म्हणजे नेमकं कोणतं वर्ष, हेही सांगतो, कारण बहुतेक अॅपमध्ये "लास्ट ट्वेल्व्ह मंथ्स" असं एक बटण असतं आणि लोक डोळे मिटून ते दाबतात. कंपन्या आपला शेवटचा डिव्हिडंड दरवर्षी त्याच तारखेला देत नाहीत, काही आठवडे पुढे-मागे होतं. आयटीसीची अंतिम डिव्हिडंडची एक्स-डेट २०२४ ला होती ४ जून, आणि २०२५ ला २८ मे. टीसीएसची २०२४ ला १६ मे आणि २०२५ ला ४ जून. (एक्स-डेट म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही ती तारीख. अॅप बहुधा हीच तारीख धरतं.)

समजा तुम्ही ३० मे २०२५ ला बसून ते बटण दाबलं. मागचे बारा महिने म्हणजे ३१ मे २०२४ पासून. आयटीसीचा ४ जून २०२४ चा ७.५० आत आला, फेब्रुवारीचा ६.५० आत आला आणि नुकताच २८ मेचा ७.८५ पण आत आला. बेरीज २१.८५. एका वर्षात दोन अंतिम डिव्हिडंड मोजले गेले. आणि त्याच दिवशी, त्याच बटणावर टीसीएसचं काय झालं? १६ मे २०२४ चा २८ रुपयांचा डिव्हिडंड खिडकीच्या बाहेर गेलेला, आणि पुढचा ३० रुपयांचा ४ जूनला असल्यामुळे अजून आत आलेला नाही. एकही अंतिम डिव्हिडंड नाही! एकाच स्क्रीनवर एक कंपनी फुगलेली, दुसरी सुकलेली, आणि खाली ठळक अक्षरात एकूण बेरीज.

ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक कंपनीसमोर "अंतिम" एकदाच आहे का बघा, आणि अंतरिम तिच्या नेहमीच्या संख्येइतकेच आहेत का. टीसीएस तीन अंतरिम आणि एक अंतिम देते. कोल इंडियाने त्या वर्षात दोन अंतरिम आणि एक अंतिम दिला, आयटीसीने एक अंतरिम आणि एक अंतिम. ही मोजणी जुळली की कोणतंही वर्ष धरा, चालेल. मी १ एप्रिल ते ३१ मार्च धरतो, कारण कराचाही हिशेब त्याच वर्षाने होतो.

बोनस शेअर्स मिळाले असतील तर आणखी एक पेच असतो. आपल्याकडून भुसावळच्या पलीकडे अमळनेर, जिथे विप्रोची सुरुवात झाली. तिथे कित्येक घरांत पिढ्यानपिढ्यांचे विप्रोचे शेअर्स आहेत. विप्रोने डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, म्हणजे शंभराचे दोनशे झाले. आता जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेला १ रुपया दर घेऊन आजच्या दोनशेने गुणला, तर दुप्पट उत्तर येईल. तो रुपया जुन्या शंभरांवर होता, आजच्या संख्येसाठी तो पन्नास पैसे धरायचा. काकांच्या तीन कंपन्यांत त्या वर्षी बोनस नव्हता, म्हणून आपण सुटलो.

वरचा आकडा झाला. आता खालचा, म्हणजे कशाने भागायचं.

काकांनी खरेदीच्या रकमेने भागलं. मनाला तेच बरं वाटतं, कारण खिशातून तेवढेच गेले. त्याला खरेदीवरचा उतारा म्हणू. ११,७९० भागिले २,३८,००० म्हणजे ४.९५ टक्के. पण अॅपमध्ये किंवा पेपरात जो डिव्हिडंड यील्ड छापलेला असतो, तो आजच्या भावावर असतो. २८ मार्च २०२५ ला, त्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी, आयटीसी साधारण ४१० ला होता, कोल इंडिया ४०० च्या आसपास आणि टीसीएस ३,६०० च्या. गोल आकडे धरले तर आयटीसीचे १ लाख २३ हजार, कोल इंडियाचे ८० हजार आणि टीसीएसचे १ लाख ४४ हजार, मिळून ३ लाख ४७ हजार. आता ११,७९० ला ३,४७,००० ने भागा. ३.४० टक्के.

दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण दोन वेगळ्या प्रश्नांची. काकांच्या आयटीसीतच हे स्वच्छ दिसतं. पहिले २०० शेअर्स त्यांनी २०२० च्या पडझडीत १५५ ने घेतले होते, नंतरचे १०० नोव्हेंबर २०२४ मध्ये ४७० ने. वर्षाचा १४ रुपये डिव्हिडंड दोन्हींवर सारखाच. जुन्यांवर उतारा ९ टक्के, नव्यांवर ३ टक्क्यांच्याही किंचित खाली. कंपनी तीच, शेअर तोच. (जानेवारी २०२५ मध्ये आयटीसी हॉटेल्स वेगळी झाली, त्यामुळे खरेदी किंमत विभागावी लागते. तो हिशेब इथे मुद्दाम घेतलेला नाही.) जुन्या शेताची किंमत आजोबांच्या काळात हजार रुपये होती म्हणून आज शेजारचं शेत हजारात मिळत नाही. जुन्या भावावरचा उतारा हा आधीच घेतलेल्याचा आनंद आहे. नवे पैसे टाकायचे असतील, तर ते आजच्या भावानेच जाणार, आणि त्यांच्यावर आजच्या भावाचाच उतारा मिळणार.

काकांचे तीन लाख नवे पैसे होते. याच तीन कंपन्यांत याच प्रमाणात टाकले असते, तर त्यांच्यावर ३.४० टक्क्यांनी वर्षाला १०,२०० येऊ शकले असते, २१ हजार नाही. महिन्याला ८५०. तेही दर महिन्याला नाही. वरच्या तक्त्यात बघा, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च, एप्रिल या महिन्यांत एकही ओळ नाही. विजेचं बिल मात्र दर महिन्याला येतं.

आणि हे पैसे तर मे महिन्यात परत काढायचे होते. दोन-तीन महिन्यांसाठी ठेवलेल्या तीन लाखांवर भाव नुसता चार टक्के खाली आला तरी १२ हजार गेले, म्हणजे पूर्ण वर्षाच्या डिव्हिडंडपेक्षा जास्त. डिव्हिडंड दिला की एक्स-डेटला तेवढी रक्कम भावातूनही साधारण उतरते, हेही लोक विसरतात. काकांना मी शेअर घ्या किंवा विका असं काही सांगितलं नाही, आणि तुम्हालाही सांगत नाही. एवढंच सांगितलं, की वह्यांच्या पैशाची तुलना वह्यांवरच्या मार्जिनशी करा, आणि ती ३.४० ने करा, सातने नको. ते म्हणाले, "मंग तं होलसेलवाल्याले आगाऊ रोख देऊन जे दोन टक्के सुटतात, तेच बरे." दुकानदाराला दुकानदाराची भाषा लगेच समजते.

कंपनीनुसार उतारा वेगळा काढलात तर पोर्टफोलिओ जास्त कळतो. कोल इंडिया ६.५९ टक्के, आयटीसी ३.४१, टीसीएस १.६१. वणी-चंद्रपूरकडच्या खाणी चालवणारी नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स ही या कोल इंडियाचीच उपकंपनी. काकांच्या गुंतवणुकीत कोल इंडियाचा वाटा आजच्या भावाने चौथ्या हिश्शाहून कमी आहे, पण डिव्हिडंडमध्ये जवळपास ४५ टक्के तिचाच. म्हणजे "तीन कंपन्यांतून उत्पन्न" असं वाटत असलं, तरी एका कंपनीने हात आखडता घेतला की निम्म्याच्या जवळपास उत्पन्न हलतं. आणखी एक. तीन यील्डची सरळ सरासरी काढू नका. ६.५९, ३.४१ आणि १.६१ ची सरासरी ३.८७ येते, खरा आकडा ३.४० आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा सगळ्यात कमी उताऱ्याच्या टीसीएसमध्ये आहे. एकूण डिव्हिडंडला एकूण किमतीनेच भागायचं.

शीटमध्ये हे चार कॉलमचं काम आहे. पहिल्यात नाव, दुसऱ्यात आजची संख्या, तिसऱ्यात वर्षाचा दर (स्पेशल सोडून), चौथ्यात आजचा भाव. तीन कंपन्या दुसऱ्या ते चौथ्या ओळीत असतील, तर पहिलं सूत्र वर्षाचं उत्पन्न देतं आणि दुसरं यील्ड :

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUMPRODUCT(B2:B4,D2:D4)
```

दुसऱ्या उत्तराच्या खान्याला टक्केवारीचा फॉरमॅट द्या. संख्या बदलली की फक्त दुसरा कॉलम बदला, भाव बदलला की चौथा. नवा अंतिम डिव्हिडंड जाहीर झाला की तिसऱ्यात जुना काढून नवा टाका, दोन्ही ठेवू नका.

शेवटी बँकेकडे वळू, कारण काकांची दुसरी तक्रार तिथली होती. "अॅप म्हणते कोल इंडियाचे १,१२० आले, पासबुकात तं ५९३ च हायेत."

डिव्हिडंड ब्रोकरकडे येतच नाही. तो कंपनीकडून थेट तुमच्या डीमॅटला जोडलेल्या बँक खात्यात येतो, आणि पासबुकात त्या ओळीपुढे बहुतेक वेळा ACH किंवा NACH आणि कंपनीचं नाव असतं. अॅपमधली यादी अनेकदा ब्रोकरने स्वतः केलेला गुणाकार असतो : एक्स-डेटला असलेली संख्या गुणिले दर. म्हणून तिथे करकपात दिसत नाही. तारीखही एक्स-डेटची असते, पैसे प्रत्यक्षात काही आठवड्यांनी येतात. फेब्रुवारी-मार्चच्या नोंदींना हे जपायला हवं, नाहीतर एक्स-डेट एका आर्थिक वर्षात आणि पैसे पुढच्या वर्षात, असंही होऊ शकतं.

२०२४-२५ मध्ये नियम असा होता की एका कंपनीकडून वर्षभरात ५,००० रुपयांहून जास्त डिव्हिडंड झाला, तर १० टक्के टीडीएस कापायचा. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १०,००० झाली. काकांचे कोल इंडियाचे पहिले दोन हप्ते मिळून ४,१५० होते, मर्यादेच्या आत. तिसऱ्या १,१२० ने बेरीज ५,२७० वर गेली आणि मर्यादा ओलांडली. मर्यादा ओलांडली की कर पूर्ण रकमेवर लागतो, म्हणून आधीच्या हप्त्यांचाही टीडीएस याच हप्त्यातून गेला : ५,२७० चे १० टक्के, ५२७ रुपये. १,१२० वजा ५२७ म्हणजे ५९३. पासबुक बरोबर होतं. टीसीएसचे वर्षभराचे ४,९६० झाले, चाळीस रुपयांनी मर्यादेच्या आत राहिले, म्हणून तिथे काहीच कापलं गेलं नाही.

कापलेले ५२७ बुडालेले नाहीत. ते फॉर्म २६एएसमध्ये तुमच्या पॅनवर दिसतात आणि रिटर्न भरताना करातून वजा होतात किंवा परत मिळतात. पण त्यासाठी रिटर्नमध्ये उत्पन्न दाखवताना ५९३ नाही, पूर्ण १,१२० दाखवायचे. यील्ड काढतानाही कापण्याआधीचीच रक्कम धरा, कारण टीडीएस हा तुमच्या कराचा आगाऊ भाग आहे, कंपनीने कमी दिलं असं नाही. डिव्हिडंड १ एप्रिल २०२० पासून घेणाऱ्याच्या हातात, त्याच्या स्लॅबप्रमाणे करपात्र आहे. तेव्हा ११,७९० पैकी खर्चायला नेमके किती उरतात, ते दुकानाच्या नफ्यामुळे तुम्ही कोणत्या स्लॅबमध्ये बसता त्यावर ठरेल.

ताळा करायची पद्धत साधी ठेवा. एप्रिलमध्ये, वह्या-पुस्तकांची गडबड सुरू व्हायच्या आधी, तीन गोष्टी समोर ठेवा : अॅपची यादी, बँकेचं स्टेटमेंट आणि इन्कम टॅक्सच्या साइटवरचं एआयएस. अॅपमधली प्रत्येक ओळ बँकेत सापडली पाहिजे, तेवढीच किंवा टीडीएस वजा जाता. न सापडलेली ओळ म्हणजे बहुतेकदा डीमॅटला जुनं, बंद झालेलं बँक खातं जोडलेलं असतं आणि डिव्हिडंड कंपनीकडे अनक्लेम्ड म्हणून पडून राहतो. अशी ओळ दिसली तर लगेच ब्रोकरकडे बँक खातं बदलून घ्या आणि कंपनीच्या रजिस्ट्रारला कळवा, कारण सात वर्षं कोणी मागितलं नाही की ती रक्कम केंद्र सरकारच्या आयईपीएफ या निधीत जाते आणि तिथून परत मिळवायला बरीच कागदपत्रं लागतात.